काळजी कुठली आणि पाळत कुठली?



मागे एका गावात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि चहा येईपर्यंत मागे बसलेल्या दोन मुलींची कुजबुज चालली होती. एकीचं नुकतंच लग्न जमलेलं. दुसरी तिला म्हणाली, "अगं, हा तर सरळ सरळ रेड फ्लॅग आहे." आमच्या गटातल्या एक आजी लगेच म्हणाल्या, "लाल झेंडा? कुठल्या पक्षाचा गं पोरगा?" सगळ्या हसलो. मग मुलींनी आजींना समजावून सांगितलं. रेल्वेचा गार्ड हिरवा झेंडा दाखवतो तेव्हा गाडी पुढे जाते, लाल दाखवला की थांबते. तसंच नात्यातही काही खुणा म्हणतात पुढे जायला हरकत नाही, काही म्हणतात थांब, बघ. आजी जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी झेंडे होतेच. बघायला कुणी शिकवलं नाही."

आजच्या बोलण्यात आम्ही साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या काळाबद्दलच सांगणार आहोत. पूर्वी या काळात मुलामुलीची गाठभेट होत नसे. आता फोनवर रोज बोलणं होतं. म्हणजे माणूस कसा आहे हे लग्नाआधी कळायची संधी मुलींना मिळाली आहे. पण याच काळात काळजीच्या नावाखाली पाळतही सुरू होते, आणि दोन्हींचं तोंडवळण सुरुवातीला इतकं सारखं असतं की आई, मावशी, आम्ही गटाच्या बायका, सगळ्याच फसतो. आम्ही फसलो होतो, तेही सांगू.

एका मुलीची गोष्ट सांगतो. तिला आपण कोमल म्हणू. दोन-तीन मुलींनी सांगितलेल्या गोष्टी आम्ही एकत्र केल्या आहेत, म्हणजे कुणाला कुणी ओळखायला नको. कोमल एकवीस वर्षांची, बी.ए. झालेली, तालुक्याला एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात कामाला. महिन्याला सात हजार मिळायचे, त्यातले हजार गटात टाकायची. तुळशीचं लग्न झाल्यावर तिचा साखरपुडा झाला. मुलगा सव्वीस वर्षांचा, एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरीला, दिसायला बरा, बोलायला गोड. लग्नाची तारीख वैशाखातली धरली. साखरपुड्यात त्यानं कोमलला नवा मोबाइल दिला, आणि तिथेच बसून सगळं चालू करून दिलं. आमच्यातली एक जण म्हणाली, "नशीब काढलंस गं, किती जीव लावतो."

पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी मेसेज यायचा, "घरी पोचलीस का?" ही काळजीच. तीन आठवड्यांनी तो म्हणाला, "एस.टी.ला उशीर झाला की मला धडकी भरते, लोकेशन चालू ठेव." कोमलनं ठेवलं. पुढे एकदा ती मैत्रिणीशी बोलत होती, तेव्हा त्याचा फोन आला आणि लाइन बिझी लागली. रात्री त्यानं विचारलं, "इतका वेळ कुणाशी बोलत होतीस?" मैत्रिणीशी म्हटल्यावर म्हणाला, "तिला व्हिडिओ कॉल लाव, मी बघतो." मग कॉलेजच्या सहलीचा फोटो काढून टाकायला सांगितलं, कारण त्यात मुलं होती. मग आतेभावाचा नंबर ब्लॉक करायला लावला. संक्रांतीनंतर म्हणाला, "लग्नानंतर नोकरी करायचीच नाही, तर आतापासूनच सोड ना. दुकानात सतरा माणसं येतात."

आणि चुलत बहिणीच्या हळदीला ती त्याला न सांगता गेली, तेव्हा चार दिवस तो बोललाच नाही. पाचव्या दिवशी रडत फोन केला, "तू अशी वागलीस तर मी जिवाचं बरंवाईट करीन." दुसऱ्या दिवशी साडी पाठवली. कोमल आईला म्हणाली, "माझंच चुकलं, सांगून जायला हवं होतं."

या गोष्टीत मार नाही, शिवी नाही, हुंडा मागितलेला नाही. एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येक आईला वाटेल, त्यात काय एवढं? म्हणून तर ओळखायला अवघड जातं. सुटी सुटी बघू नका. जानेवारीत कोमल कशी होती आणि कार्तिकात कशी होती, हे शेजारी ठेवून बघा. दोन महिन्यांत तिची एक मैत्रीण सुटली, एक भाऊ सुटला, फोटो गेले, हळदीला जाण्याची मोकळीक गेली, आणि आता महिन्याचे सात हजार जायची वेळ आली. तिनं गटाच्या दोन बैठकांना यायचंही सोडलं होतं. आम्हाला वाटलं, लग्नाच्या गडबडीत असेल.

हे सगळं कुणीतरी आधी पाहून ठेवलेलं आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डुलुथ नावाचं शहर आहे. तिथे १९८४ साली नवऱ्याचा मार सोसलेल्या बायकांचे गट बसायचे, आपले गट बसतात तसेच. नवरा नक्की काय काय करतो, हे त्या सांगायच्या. त्या सांगण्यावरून तिथल्या कार्यकर्त्यांनी एक चाक काढलं. आपल्या बैलगाडीचं चाक डोळ्यांपुढे आणा. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि बाहेरून लोखंडी धाव. त्या चाकात धावेच्या जागी मारहाण आहे, बाहेरून दिसणारी. पण आत आरे आहेत: माणसांपासून तोडणं, पैसा आणि काम हातात ठेवणं, धमकी देणं, हिणवणं, "तूच मला असं वागायला लावतेस" म्हणून दोष तिच्यावर टाकणं, मुलांचा वापर करणं. आणि मधला तुंबा म्हणजे सत्ता, माझ्याच म्हणण्यानं सगळं चालेल ही हौस. आपण धाव दिसेपर्यंत थांबतो आणि म्हणतो, "मारत तर नाही ना?" आरे मात्र साखरपुड्यातच बसवायला घेतलेले असतात.

त्याच लोकांनी दुसरंही एक चाक काढलं, बरोबरीच्या नात्याचं. त्यात आरे वेगळे: विश्वास, आधार, मिळून घेतलेले निर्णय, पैशात भागीदारी, चूक कबूल करणं, न भिता बोलता येणं. म्हणजे हिरवा झेंडा म्हणजे नुसता लाल झेंडा नसणं नव्हे. तिथे काहीतरी चांगलं रोज घडत असावं लागतं.

आता मुली विचारतात, "ताई, 'पोचलीस का' हे काळजीचं की पाळतीचं, ते ओळखायचं कसं?" आम्ही त्यांना तीन प्रश्न देतो. कोमलची गोष्ट घेऊनच ते बघू.

पहिला प्रश्न. जो नियम मला, तोच त्याला आहे का? कोमलचं लोकेशन त्याला चोवीस तास दिसत होतं. तिनं एकदा हसत म्हटलं, "मग तुमचंही चालू करा ना." तो म्हणाला, "मी पुरुष माणूस, मला कोण खातंय?" तिचे मित्र फोटोतसुद्धा नकोत, त्याच्या कंपनीतल्या मुलींबरोबरचे फोटो मात्र स्टेटसला. काळजी असती तर रात्रपाळीहून मोटारसायकलवर येणाऱ्या मुलाचीही काळजी कोमलला वाटते, हे त्याला पटलं असतं. नियम एकाच बाजूला असला की ती पाळत.

दुसरा प्रश्न. या नात्यात आल्यापासून माझं जग वाढलं की आकसलं? चांगल्या नात्यात माणसं वाढतात. त्याच्या बहिणीशी ओळख होते, तो तुझ्या मैत्रिणींची नावं लक्षात ठेवतो, परीक्षा असली तर म्हणतो, "आज बोलायला नको, अभ्यास कर." वाईट नात्यात एकेक माणूस गळत जातं, आणि प्रत्येक वेळी कारण असं असतं की ऐकायला बरं वाटावं: "ती मैत्रीण तुला बिघडवते", "तुझी आई आपल्यात लावालावी करते." ज्यांच्याजवळ तू मन मोकळं करशील, नेमकी तीच माणसं आधी गळतात, हे लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. मी लहानसं 'नाही' म्हटलं तर काय होतं? सगळं होकारानं चाललं असेल तोवर कुणाचाच स्वभाव कळत नाही. मडकं घेताना आपण बोटानं टिचकी मारून बघतो, तसं नात्यात लहान 'नाही' म्हणून बघावं. भांडण काढायचं नाही, खोटं बोलायचं नाही. खरी अडचण असलेली एक लहान गोष्ट घ्यायची, शांतपणे सांगायची, आणि पुढचे पंधरा दिवस काय होतं ते बघायचं.

हे आम्ही दोन मुलींच्या बाबतीत जवळून पाहिलं. दोघींनी एकच वाक्य सांगितलं: "मला सकाळी सातची गाडी धरायची असते, म्हणून रात्री दहानंतर मी फोनवर बोलणार नाही."

एकीचा होणारा नवरा त्या रात्री नाराज झाला. "आपल्याला दिवसभरात वेळच कुठे मिळतो," असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं बोलणं जरा तोडून टाकलं. पण दहानंतर फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाला, "माझी जेवणाची सुट्टी दीडला असते, तेव्हा दहा मिनिटं बोलू या का?" पुढे एकदा विसरून सव्वादहाला फोन केला, आणि आठवण करून दिल्यावर "अरे हो, झोप" म्हणून ठेवला. मैत्रिणींनो, हा हिरवा झेंडा. त्याला राग आला नाही असं नाही. राग येणं, रुसणं, थोडी असूया वाटणं हे माणसाचंच लक्षण आहे. पण त्या रागाची किंमत त्यानं तिच्याकडून वसूल केली नाही. त्यानं वाट काढली, आणि तिचा शब्द पुढेही पाळला.

दुसरी होती आपली कोमल. तिनं हेच सांगितलं त्या रात्री तेवीस मिस्ड कॉल आले. अकराला त्यानं तिच्या भावाला उठवलं. सकाळी त्याच्या आईचा कोमलच्या आईला फोन: "तुमची मुलगी आतापासूनच ऐकत नाही." दोन दिवसांनी माफीचा मेसेज आला, फुलांची चित्रं आली, आणि त्याच आठवड्यात परत दहानंतर फोन सुरू झाले. माफी कोरडी आहे की खरी, हे असं कळतं. खरी माफी वागण्यात दिसते. शब्द आणि साडी पाठवून वागणं तेच राहिलं, तर ती पुढच्या भांडणाची उसनवारी असते.

इथे काही जणींच्या मनात येईल, अहो, मग सासरची रीत पण पाळतच झाली की! तसं नाही. "बाहेर जाताना सांगून जा" ही आपल्याकडे घरातल्या सगळ्यांना लागू असलेली सवय असते. सासू सांगून जाते, सासरे सांगून जातात, सून सांगून जाते. ती रीत. पण सांगून जाणं वेगळं आणि विचारून जाणं वेगळं. परवानगी एकीनेच मागायची, नाकारली तर कारण विचारायचं नाही, न विचारता गेली तर शिक्षा, ही रीत नव्हे. रीतीबद्दल घरात बोलता येतं, अडचणीला ती वाकते. सत्ता वाकत नाही.

तसंच एका गोष्टीवरून कुणाला शिक्का मारू नका. एक दाणा किडका निघाला म्हणून आपण पोतं टाकत नाही, पण मूठभर घेऊन बघतो. एकदा चिडला, एकदा चौकशी केली, यावर लग्न मोडायचं नसतं. तेच तेच पुन्हा होतंय का, वाढत चाललंय का, सांगितल्यावर बदलतंय का, हे बघायचं. त्याला अपवाद तीनच आम्ही मानतो: हात उगारणं, जिवाची धमकी देणं, मग ती स्वतःच्या असो की तिच्या, आणि फोटो किंवा व्हिडिओ दाखवायची धमकी. यात दुसऱ्या वेळेची वाट बघायची नाही. "मी मरेन" असं कुणी म्हणालं तर त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला लगेच कळवावं. त्याला मदत मिळायला हवी, पण त्याचा जीव सांभाळायचं ओझं एकट्या मुलीच्या गळ्यात घालून तिला गप्प करता येणार नाही.

मुलांच्या आयांनाही एक सांगायचं आहे. हे तीन प्रश्न मुलांनाही लागू आहेत. होणारी बायको मुलाचा फोन तपासते, मित्र तोडायला लावते, आईला पैसे दिले म्हणून आठवडा अबोला धरते, तर ती पण पाळतच. आणि आपला मुलगा दुसऱ्याच्या मुलीला रात्री तेवीस फोन करत असेल, तर "लाडका आहे, जीव लावतो" म्हणू नका. कोमलच्या होणाऱ्या सासूनं त्या सकाळी मुलालाच समजावलं असतं, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

आता फोनबद्दल, कारण मुलींना हे माहीत नसतं. फोन दुसऱ्यानं चालू करून दिला असेल तर तो कुणाच्या खात्यावर चालू आहे हे बघा. कोमलच्या फोनवर त्याचाच जीमेल होता. व्हॉट्सॲप एका फोनवर असतं, पण ते दुसऱ्या फोनला किंवा संगणकाला जोडता येतं, आणि मग सगळे मेसेज तिकडेही दिसतात. हे बघायला व्हॉट्सॲपमध्ये Linked devices अशी ओळ असते. तिथे ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर त्यावर बोट ठेवून Log out करता येतं. गुगल मॅप्समध्ये वर उजवीकडे आपल्या चित्रावर बोट ठेवलं की Location sharing दिसतं. आपली जागा कोण बघतंय ते तिथे कळतं आणि बंदही करता येतं.

पण थांबा. हे लगेच बंद करू नका. समोरचा माणूस आधीच धमक्या देणारा असेल, तर त्याची पाळत अचानक तुटली की तो जास्त बिथरतो. नातं तोडायची वेळ आणि त्यानंतरचे काही दिवस हेच सगळ्यांत जोखमीचे असतात, हे या कामातल्या जुन्या कार्यकर्त्या नेहमी सांगतात. म्हणून आधी घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला आणि बाहेरच्या एका बाईला सगळं सांगा. मिस्ड कॉल आणि धमकीचे मेसेज पुसू नका. त्यांचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाच्या फोनवर ठेवा. मग फोन नीट करा. 'आता संबंध नको' हे सांगायला त्याला एकटीनं भेटायला जाऊ नका, शेवटची भेट म्हणून शेतावर किंवा लॉजवर तर नाहीच. ते दोन्ही घरच्यांच्या समोर सांगा.

कोमलनं तसंच केलं. मेसेज आईला वाचून दाखवायला तिला आठ दिवस लागले. आई आधी म्हणाली, "हॉलचं बुकिंग झालंय, मानपानाच्या साड्या आणल्या, आता लोक काय म्हणतील?" वडील तर बोललेच नाहीत. मग गटातल्या त्या आजी तिच्या घरी गेल्या. त्यांनी वडिलांना एवढंच विचारलं, "तेवीस फोन लग्नाआधी आलेत. लग्नानंतर ती त्याच्या घरात असेल, तेव्हा फोन कशाला लागेल?" दोन्हीकडची माणसं बसली. आधी लग्न पुढे ढकलायचं, नोकरी चालू ठेवायची, आणि मुलानं समुपदेशनाला यायचं असं ठरलं. मुलगा एकदाही आला नाही. महिनाभरानं सोयरीक मोडली. साखरपुड्यातल्या वस्तूंची, तो मोबाइलसुद्धा धरून, कागदावर यादी केली, दोन्हीकडच्या दोन-दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि वस्तू परत दिल्या. हॉलची अनामत बुडाली. गावात चार महिने चर्चा झाली. कोमल रडली, वजन उतरलं, आणि मग परत गटात यायला लागली. सगळं गोड झालं असं आम्ही म्हणत नाही. पण मोडलेल्या साखरपुड्याची किंमत आणि मोडलेल्या संसाराची किंमत एकदा शेजारी मांडून बघा.

कायदा कुठे उभा राहतो, तेही सांगतो. लग्न झाल्यावर किंवा लग्नासारखं एका घरात राहत असताना कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा लागतो. त्यात फक्त मारहाण नाही, मानसिक आणि आर्थिक छळही धरला आहे. कामाला जाऊ न देणं, नोकरी सोडायला लावणं, हेही त्याखालच्या अहवालाच्या नमुन्यात लिहिलेलं आहे. तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी असतात. पण नुसता साखरपुडा झालेल्या मुलीला होणाऱ्या नवऱ्याविरुद्ध हा कायदा सहसा वापरता येत नाही, कारण ती त्याच्या घरात राहिलेली नसते. तिच्यासाठी दुसरी वाट आहे. स्पष्ट 'नको' सांगितल्यावरही एखादा पुरुष मागे लागतो, पुन्हा पुन्हा संपर्क करतो, किंवा ती फोनवर, इंटरनेटवर काय करते यावर नजर ठेवतो, तर तो पाठलागाचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. त्यासाठी 'नको' एकदा तरी मेसेजमध्ये लिहून पाठवलेलं असेल तर पुरावा राहतो.

महिला हेल्पलाइनचा नंबर १८१ आहे. अंगावर येतंय असं वाटलं तर ११२. आपल्या राज्यात महिला व मुलांसाठीचे विशेष साहाय्य कक्षही आहेत. पोलिसांबरोबर बसून समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या ताई तिथे बोलतात. मुंबईत हे काम १९८४ साली सुरू झालं, म्हणजे डुलुथच्या बायकांचं चाक तयार झालं त्याच वर्षी. तिथे गेलं की लगेच केस होते असं नाही. नुसतं बोलायला, सल्ला घ्यायलाही जाता येतं.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की पंधरा मिनिटं ठेवा. ज्यांची सोयरीक जमली आहे, त्यांना घरच्यांसमोर न विचारता, बाजूला घेऊन विचारा: नियम दोघांना सारखा आहे का, तुझं जग वाढलं की आकसलं, आणि तू 'नाही' म्हटलंस तेव्हा काय झालं? तिसऱ्या प्रश्नाला एखादी म्हणेल, "मी अजून नाही म्हटलंच नाही." तर तिला म्हणा, मग तारखेच्या आत एकदा म्हणून बघ.

आणि दोन बैठकांना न आलेल्या मुलीच्या घरी तिसऱ्या बैठकीची वाट न बघता जाऊन या. आम्ही कोमलकडे उशिरा गेलो होतो.